रेंडरमधला एक खांब गायब, आणि आमचे १,८५,८३० रुपये

आकडे आधी सांगतो, म्हणजे नंतर कुणी "थोडक्यात निभावलं" म्हणायला नको. बाहेरच्या दृश्याचे ११,०००, पडवीच्या दृश्याचे ७,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून ३,३३०, मापणीचे ४,०००, आणि सगळ्यात शेवटी "मटेरियल लॉक", म्हणजे लाकूड आजच्या भावात राखून ठेवण्याच्या नावाखाली १,६०,०००. एकूण १,८५,८३० रुपये. बदल्यात हातात काय आलं? दोन रेंडरं, म्हणजे दुरुस्तीनंतर घर कसं दिसेल याची संगणकावर काढलेली दोन चित्रं.

घर गिरगावातल्या एका वाडीतलं, कौलारू, खाली पडवी आणि वर माडी. असं घर ज्यांच्याकडे आहे त्यांना डिझायनर शोधणं म्हणजे काय ते माहीत आहे. निम्मे जण फोटो बघूनच "रिडेव्हलपमेंट करा" म्हणतात. हा मात्र "काका, जुनं जपूनच करू" म्हणाला. आम्ही काही मोघम "छान करून द्या" असं सांगितलं नव्हतं. त्याला पाठवलेलं पत्र अजून आहे, त्यातला मुख्य भाग इथे देतो, म्हणजे आमच्याकडून काय कमी पडलं ते ज्याचं त्याने ठरवावं:

"सप्रेम नमस्कार. सोबत घराचे सहा फोटो आहेत. पहिला समोरून, फोन छातीच्या उंचीवर सरळ धरून काढला आहे. घराचं तोंड उत्तरेला, रुंदी २२ फूट. पडवीला सागवानी चार खांब, दोन खांबांमधलं अंतर प्रत्येकी सात फूट. खांबांवर आडवी तुळई, तिच्यावर माडीचा पाटयांचा मजला. तुळईखाली उंची साडेनऊ फूट. माडीच्या गॅलरीचा कठडा पावणेतीन फूट. पश्चिमेची वळचण भिंतीपासून दोन फूट पुढे आहे, ती कमी करू नये, पावसाचा मारा तिकडूनच येतो.

रेंडरमध्ये हवं ते असं: खांब आणि तुळई आहेत तशीच, फक्त साफ करून तेलपाणी केलेली. गॅलरीला लावलेले पत्रे काढून लाकडी झडपा. भिंतींना चुन्याचा गिलावा, वीट उघडी नको. पडवीत शहाबादी लादी. मीटरची पेटी आणि पाण्याचे पाइप आहेत तिथेच दाखवावेत, चित्रातून पुसू नयेत."

यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं असतं?

दुसऱ्याच दिवशी रेंडर आलं. जुन्या घराची मापं घेऊन, संगणकावर त्याचं त्रिमितीय मॉडेल उभं करून, त्यावर लाकूड-लादी चढवून रेंडर काढायला एवढ्यात जमत नाही. पण घाईची सवय झालेल्या या शहरात लवकर काम देणारा माणूस आपल्याला हुशार वाटतो. चित्र मात्र देखणं होतं. समोरून सोनेरी ऊन, भिंतीवर लालभडक उघडी वीट, बोगनवेल, आणि पडवी अशी ऐसपैस की लग्नाचा मांडव घालावा. ऐसपैस का दिसत होती? कारण चारापैकी मधला एक खांब नव्हताच. विचारलं तर उत्तर आलं, "काका, स्पेस ओपन केलाय."

इथे थांबायला हवं होतं. मधला खांब काढला की सात फुटांचे दोन गाळे मिळून चौदा फुटांचा एक होतो. तुळई तीच आणि तिच्यावरचा भारही तसाच धरला, तर ती वाकवणारा जोर चौपट होतो आणि झोळ सोळापट. वर पाटया, त्यांच्यावर माणसं, कपाटं, पाण्याचा पिंप. हे कुठलाही जुना सुतार बोटावर सांगेल. खांब काढताच येत नाही असं नाही. पण मग लोखंडी गर्डर लागतो, त्याच्या दोन्ही टोकांना भार पेलणारे नवे आधार आणि त्यांच्याखाली पाया लागतो, आणि हा सगळा खर्च चित्रात दिसत नाही. रेंडरमध्ये तुळई कधीच वाकत नाही, कारण तिथे वजनच नसतं.

खरी चीड येते ती दुसऱ्या चित्राची. पडवीच्या आतून बाहेर बघतानाचं जे दृश्य त्याने दिलं, त्यात खांब पुन्हा चार होते. एकाच घराची, एकाच माणसाने दिलेली दोन चित्रं, एकात तीन खांब आणि दुसऱ्यात चार. याचा अर्थ एकच. मागे मॉडेल नव्हतंच. आमच्या फोटोवरच दोन वेगवेगळी रंगरंगोटी केली होती. खरं मॉडेल असेल तर एका कोनातून नसलेला खांब दुसऱ्या कोनातून उगवत नाही. तुम्ही म्हणाल, चार खांब मोजता येत नाहीत का? येतात. पण चित्रं आली व्हॉट्सॲपवर, वेगवेगळ्या दिवशी, आणि पाहिली ती फोनवर. दुसरं आलं तेव्हा पहिलं शेजारी ठेवून बघायचं कुणाच्या डोक्यात येतं? त्यात "काका, लाकडाचे भाव सोमवारी वाढतायत" हा धोशा चालूच.

उन्हाचीही तीच गत. पत्रात उत्तर दिशा स्पष्ट लिहिली होती. मुंबईत उत्तरेच्या भिंतीवर भरदुपारचं ऊन येतं ते साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, तेही जवळजवळ डोक्यावरून, भिंतीला घासून जाणारं. सकाळ-संध्याकाळी येतं ते बाजूने. समोरून तिरपं सोनेरी ऊन त्या भिंतीवर कधीच पडत नाही. ज्याने दिशा वाचलीच नाही, त्याने मापं वाचली असतील असं का धरावं?

मापांचं तर पट्टी लावून कळतं. फोटो समोरून आणि फोन सरळ धरून काढला असेल, तर खांब आणि त्याच्या डोक्यावरचा कठडा एकाच उभ्या पातळीत येतात, त्यामुळे त्यांचं प्रमाण चित्रातही तेच राहायला हवं. आमच्या घरात साडेनऊ फुटांचा खांब म्हणजे पावणेतीन फुटी कठड्याच्या साधारण साडेतीन पट. रेंडर छापून पट्टीने मोजलं तर खांब कठड्याच्या साडेचार पट निघाला. म्हणजे पडवी बारा फुटांच्या वर ताणली होती. एवढी उंची द्यायची तर माडी आणि छप्पर अडीच-तीन फूट वर उचलावं लागेल. हे काम त्याच्या अंदाजपत्रकात कुठेच नव्हतं, आणि कसं असणार? मापणीला आलेल्या पोराने फीत घेऊन पंधरा मिनिटांत पडवी उरकली, माडीवर तो चढलाच नाही. मापांचा कागद कधीच आला नाही. ४,००० मात्र गेले.

म्हणून सांगतो, रेंडरच्या आधी मापांचा नकाशा मागा, DWG ही ड्रॉइंगची फाइल किंवा PDF, प्रत्येक खांबाचं अंतर लिहिलेला. मग रंग-लादी काही नसलेलं, नुसतं पांढरं मॉडेल मागा. आणि व्हिडिओ कॉलवर ते मॉडेल त्याच्या स्क्रीनवर फिरवून दाखवायला सांगा, मागच्या बाजूने, वरून, पश्चिमेच्या वळचणीखालून. ज्याच्याकडे मॉडेल आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम. ज्याच्याकडे नाही तो "ते वेगळं पॅकेज आहे" म्हणतो.

"मटेरियल लॉक" हे तर शुद्ध थोतांड. मंजूर नकाशा नाही, लाकडाची घनफुटात यादी नाही, मग लॉक कशाचं केलं? वखारीची पावती आपल्या नावावर नसेल तर एक रुपया देऊ नये. आणि जीएसटीचा क्रमांक बघा. मुंबईतून धंदा करणाऱ्याचा क्रमांक २७ ने सुरू व्हायला हवा. आमच्या बिलावरचा २४ ने सुरू होत होता, म्हणजे गुजरातचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला तर भलत्याच माणसाचा निघाला. ३,३३० रुपये कर म्हणून दिले, ते सरकारकडे गेलेच नाहीत.

पैसे गेल्यावर फोन बंद. मग दारोदार फिरणं सुरू. पोलीस ठाण्यात साहेबांनी दोन्ही चित्रं बघितली आणि म्हणाले, "काम तर दिलंय की. छान आहे घर." खांबाचं समजावून सांगितलं. "हे इंजिनिअरचं बघा, आमचं नाही. दिवाणी मामला आहे." खोटा जीएसटी क्रमांक दाखवला, तर म्हणे त्या खात्याकडे जा. त्या खात्याने म्हटलं अर्ज ऑनलाइन करा. ऑनलाइन अर्जात विक्रेत्याचा पत्ता सक्तीचा, आणि पत्ताच तर खोटा! बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. वॉर्ड ऑफिसात निदान एवढं विचारायला गेलो की त्याने "दुरुस्तीला परवानगी लागत नाही" म्हटलं ते खरं का. किरकोळ दुरुस्तीला नाही, पण खांब काढणं ही किरकोळ दुरुस्ती नव्हे, महापालिका कायद्याच्या कलम ३४२ खाली आधी कळवावं लागतं. एवढं एक वाक्य ऐकायला तीन टेबलं, आणि तिसऱ्या टेबलावरचे साहेब जेवायला गेलेले. प्रत्येक ठिकाणी मीच आरोपी असल्यासारखं, "तुम्ही दिलेतच कशाला?"

वास्तुविशारद असता तर वास्तुकला परिषदेकडे तक्रार करता आली असती. १९७२ च्या कायद्याने "आर्किटेक्ट" म्हणवून घ्यायला नोंदणी लागते, आणि ती CA ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून तपासता येते. नुसत्या "डिझायनर"ला असं काहीच लागत नाही. याच्या कार्डावर काय होतं ते नीट बघा: "डिझायनर अँड कन्सल्टंट". मुद्दाम तसं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाची वाट धरली आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तिथे चित्रं चालतात, पण मूळ फाइल हवी, व्हॉट्सॲपवर दाबून लहान झालेली नव्हे. म्हणून आपले फोटो आणि त्यांची चित्रं डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा आणि मागवा, आणि पत्र ई-मेलने, म्हणजे तारीख राहते. दोन्ही रेंडरांवर खांब लाल पेनाने मोजून, सोबत घराच्या खऱ्या मापांचा नकाशा इंजिनिअरकडून सहीशिक्क्यासह करून घेतला आहे. त्याचे ६,००० वेगळे.

त्याआधी पाठवलेली वकिलाची नोटीस परत आली. पाकिटावर पोस्टमनचा शेरा: "या पत्त्यावर असे कोणी नाही." आता त्याच्या बँक खात्यावरचा पत्ता मिळावा म्हणून अर्ज केला आहे.