फोटोतला हात बाबांचा नव्हता

बाबांचा एकच धड फोटो आमच्याकडे होता, मार्डीच्या शेतातल्या हुरडा पार्टीचा. चेहरा हसरा, पण उजव्या हातात बिअरची बाटली. वर्षश्राद्धाला तोच फोटो लावायचा होता आणि आईला बाटली नको होती. सोलापुरातल्याच एका फोटो एडिटिंगवाल्याने १,८०० रुपये सांगितले. "बाटली काढून आतला हात हुबेहूब बनवून देतो," म्हणाला आणि सगळे पैसे आधीच घेतले.

मोबाइलवर त्याने पाठवलेला नमुना छान दिसला, म्हणून मी होकार दिला. मोठी प्रिंट हातात आली तेव्हा आई म्हणाली, "हा हात ह्यांचा नव्हे."

खरंच नव्हता. बाबांनी तीस वर्षं माग चालवला. बोटांचे पेर जाड, तर्जनीचं नख फुटलेलं. प्रिंटमध्ये मात्र कुणा तरुणाचा गुळगुळीत हात मनगटापासून चिकटवला होता. चेहऱ्यावर ऊन डावीकडून होतं आणि हातावर उजवीकडून. मी तक्रार केली तर आणखी २,००० मागितले, मग फोन उचलणंच बंद.

पुढे ओळखीच्या एका रिटचरने मूळ फोटो मोठा करून दाखवला, तेव्हा फसवणूक नेमकी कुठे झाली ते कळलं. बाटलीला विळखा घालणारी चारही बोटं पुढून स्पष्ट दिसत होती, फुटक्या नखासकट. ती तशीच ठेवायची असतात. नव्याने घडवायचा असतो फक्त बाटलीमागे झाकलेला तळवा आणि अंगठ्याचं मूळ. काचेतून दिसणारा भाग उपयोगाचा नसतो, कारण भरलेली बाटली भिंगासारखी वागते. मागचं सगळं वेडंवाकडं दिसतं, वर काचेचा तपकिरी रंग चढतो.

त्याने माझ्या धाकट्या भावाला गच्चीवर त्याच दिशेच्या उन्हात उभं केलं. भावाचा हात बाबांवर गेलाय. तशीच बाटली धरायला लावून, हात न हलवता ती अलगद काढून घेतली आणि तळव्याचा फोटो काढला. तो तळवा बाबांच्या बोटांच्या मागे वेगळ्या लेअरवर, म्हणजे फाइलमधल्या स्वतंत्र थरावर, बसवला. पण नुसती बाटली गेली की हात हवा धरल्यासारखा दिसतो. म्हणून बोटं वॉर्प या चित्र वाकवायच्या टूलने जराशी आत वळवली, अंगठा तर्जनीवर टेकवला आणि बोटांची सावली तळव्यावर पाडली. ही सावली नसेल तर बोटं वर तरंगतात. या कामाला त्याचे दोन दिवस गेले.

तेव्हा असं काम देताना मूळची बोटं ठेवणार का, हे आधी विचारा. नमुना मोबाइलवर पाहून होकार देऊ नका. दुकानात बसून, पूर्ण मोठा करून मूळ फोटोशेजारी पाहा. नखं, पेरांवरच्या सुरकुत्या आणि उन्हाची बाजू जुळते का ते बघा. लेअरसहित फाइल मागा. मी मागितली तेव्हा पहिल्याकडे ती नव्हतीच. अर्धे पैसे हे सगळं पाहिल्यावरच द्या. माझे १,८०० अजून परत आलेले नाहीत.