मुंबईचं अल्टरनेट: अहमदाबाद आणि वर सहाशे किलो, की सरळ हैदराबाद?

पावसाळा तोंडावर आला की उड्डाणांचे प्लॅन काढायला नव्याने डेस्कवर बसलेले डिस्पॅचर हा प्रश्न हमखास विचारतात, आणि कमांड नुकतीच मिळालेले कॅप्टनही. दिल्लीहून मुंबईला येणारं संध्याकाळचं ए320 आहे. मुंबईचा अंदाज कायद्याने चालण्याजोगा, पण भरवशाचा नाही. मुंबईला उतरता आलं नाही तर जिथे वळायचं ते विमानतळ, म्हणजे अल्टरनेट, म्हणून कॉम्प्युटर अहमदाबाद छापतो. तुम्हाला तेवढ्यावर सोडायचं नाहीये, थोडं जास्त इंधन घ्यायचंय. ते ‘एक्स्ट्रा’ म्हणून घ्यायचं, की अल्टरनेटच लांबचं निवडून त्यातून घ्यायचं?

मी काही वर्षं पहिला मार्ग धरला, आता बहुतेक वेळा दुसरा धरतो. का, ते पुढे सांगतो. पण आधी एक कबूल करतो, टाकीतल्या इंधनात काडीचाही फरक नसतो. हे बघा:

```
            A       B
TRIP       4600    4600
CONT 5%     230     230
ALTN VAAH  1800      --
ALTN VOHS    --    2400
FINRES     1150    1150
TAXI        200     200
EXTRA       600       0
BLOCK      8580    8580
```

VAAH म्हणजे अहमदाबाद, VOHS म्हणजे हैदराबाद. आकडे किलोत, आणि माझ्या अंदाजाचे. तुमच्या विमानाचं वय, वजन आणि वारा यांप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील. अहमदाबाद मुंबईपासून हवाई अंतराने साडेचारशे किलोमीटरच्या आत आहे, हैदराबाद सव्वासहाशेच्या आसपास. दोन्हींच्या इंधनातला फरक सहाशे किलोचा धरलाय. होल्डमध्ये, म्हणजे उतरायची वाट बघत घिरट्या घालताना, ए320 तासाला साधारण तेवीसशे किलो जाळतं, म्हणजे सहाशे किलोची पंधरा-सोळा मिनिटं होतात.

फायनल रिझर्व्हवर वाद नाही. अल्टरनेटच्या वर दीड हजार फुटांवर होल्डिंगच्या वेगाने तीस मिनिटं, एवढं ते धरलेलं असतं आणि त्याला हात लावायचा नसतो. उतरताना त्याखाली जाणार असं हिशोबात दिसलं की ‘मेडे फ्युएल’ म्हणायचं. त्याच्या आधीची पायरी ‘मिनिमम फ्युएल’. ती ऐकून एटीसी रांगेत पुढे घेत नाही. आता एकाच ठिकाणी उतरणं आहे आणि आणखी उशीर परवडणार नाही, एवढंच त्यातून कळतं. नव्या लोकांचा या दोन्हींत घोळ होतो म्हणून सांगितलं.

कंटिन्जन्सीबद्दल मात्र दोन शब्द जास्त. ट्रिपच्या पाच टक्के किंवा पाच मिनिटांचं होल्डिंग, यातलं जे जास्त असेल ते. इथे 230 किलो, म्हणजे सहा मिनिटं. दिल्लीहून निघताना मनासारखी उंची मिळाली नाही, जयपूरच्या पुढे ढगाला वळसा घातला, मुंबईच्या अलीकडे एटीसीने दोन वेळा हेडिंग बदलून लांबवलं, की ती संपलीच. त्यामुळे कंटिन्जन्सी पावसासाठी ठेवलीय असं कोणी म्हणालं तर मी मान डोलावतो आणि ती हिशोबात धरत नाही. या उदाहरणात ती शिल्लक राहिली असं धरू, म्हणजे गणित सोपं जाईल.

आता A घेऊन मुंबईवर पोहोचा. कंटिन्जन्सी आणि एक्स्ट्रा मिळून 830 किलो, म्हणजे एकवीस मिनिटं होल्ड करता येतं. त्यानंतर अहमदाबादला वळायचं. B घेऊन पोहोचलात तर सहाव्या मिनिटालाच हैदराबादला वळायची वेळ येते. वरवर पाहता A सरळ सरळ चांगला. पंधरा मिनिटं जास्त मिळतात, आणि मुंबईतली सर अनेकदा पंधरा मिनिटांत ओसरतेही. अनुभवी कॅप्टन मंडळींमध्ये बरेच जण A चे आहेत, आणि त्यांना चूक म्हणण्याची माझी तयारी नाही.

पण B मध्येही ती पंधरा मिनिटं कुठे गेलेली नसतात. हवेत असताना अल्टरनेट बदलता येतं. सहाव्या मिनिटाला अहमदाबादचं हवामान चांगलं असेल आणि तिथे जागा असेल, तर अल्टरनेट अहमदाबाद करायचं आणि एकविसाव्या मिनिटापर्यंत थांबायचं. फरक एवढाच की सहाव्या मिनिटाला कोणाला तरी विचारावं लागतं, ‘अहमदाबादला काय परिस्थिती आहे?’ A मध्ये हा प्रश्न एकविसाव्या मिनिटाला पडतो. तेव्हा हैदराबाद हातातून गेलेलं असतं.

माझं मत बदललं ते याच प्रश्नावर. जुलैमधली एक संध्याकाळ होती. धावपट्टीवर दृश्यमानता पडली आणि चाळीसेक मिनिटं कोणी उतरू शकलं नाही. आमच्या एका विमानाचा प्लॅन A पद्धतीचा होता, मीच काढलेला. कॅप्टनने एक्स्ट्रा शेवटच्या थेंबापर्यंत वापरलं, जसं वापरायचं असतं तसंच, आणि अहमदाबादला वळला. त्याच वेळी आणखी किती विमानं तिकडे वळली हे मला नंतर कळलं. सगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरने एकच अल्टरनेट छापलं होतं. उतरल्यावर कॅप्टनचा फोन आला. “बे नाहीये. टॅक्सीवेवर उभे आहोत. इंधनाच्या बाउझरसाठी आमचा नंबर अकरावा सांगतायत.” मी म्हटलं, “सर, ड्यूटी टाइम किती उरलाय?” त्यांनी सांगितलेला आकडा ऐकूनच कळलं की मुंबई उघडली तरी हा क्रू ते विमान मुंबईला आणू शकणार नाही. दुसरा क्रू पाठवायचा तर तो मुंबईत, आणि मुंबई बंद. रात्री दीडच्या सुमाराला प्रवाशांना हॉटेलची व्यवस्था करून दिली, तीही सगळ्यांना मिळाली नाही.

यात विमानतळाचा दोष मी काढणार नाही. एका तासात एवढी विमानं अचानक आली तर कुठल्याही विमानतळाची तीच गत होईल. दोष आमचा, आणि माझाही. त्या दिवशी इंधन कमी नव्हतं, सुरक्षेचा प्रश्न कधीच आला नाही. पण तेच सहाशे किलो मी हैदराबादच्या नावाने लिहिले असते तर सहाव्या मिनिटाला कॅप्टनने मला विचारलं असतं, आणि मी अहमदाबादच्या स्टेशनला फोन लावला असता. कदाचित तोवर तिथली जागा संपलेली नसती. कदाचित संपलेलीही असती, पण मग हैदराबाद हातात होतं.

हवामानाचा मुद्दा याला जोडूनच येतो. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा मध्य भारतावरून गुजरातकडे सरकतो तेव्हा मुंबई आणि अहमदाबाद दोन्हीकडे एकदमच कोसळू शकतं. हैदराबाद घाटाच्या पलीकडे, दख्खनच्या पठारावर आहे. जुलैमध्ये तिथला पाऊस मुंबईच्या तालावर नाचत नाही. (एप्रिल-मेमधली तिथली वादळं हा वेगळा विषय, तेव्हा मी हे बोलणार नाही.) आता नवी मुंबईचाही पर्याय आलाय. इंधनाच्या दृष्टीने त्याहून स्वस्त अल्टरनेट मिळणार नाही. पण जो ढग सांताक्रुझवर आहे तो पनवेलवर नसेल, असं धरून प्लॅन काढायला माझा हात धजत नाही.

माझ्या बाजूची एक पंचाईत मात्र लपवायला नको. लांबचं अल्टरनेट लिहिलं म्हणजे काम झालं असं नाही. 2015 च्या ऑगस्टमध्ये दोहाहून कोचीला आलेल्या एका 737 चं अल्टरनेट बंगळूर होतं, म्हणजे माझ्या मताने शहाणपणाची निवड. कोचीला तीन वेळा प्रयत्न झाले, तिसऱ्यानंतर बंगळूरला पुरेल एवढं इंधन उरलं नाही, म्हणून ते जवळच्या तिरुवनंतपुरमला गेलं. तोच किनारा, तोच पाऊस. तिथेही लगेच उतरता आलं नाही. शेवटी मेडे देऊन ते सुखरूप उतरलं तेव्हा टाकीत सुमारे साडेतीनशे किलो होतं, आणि अशा विमानाचं फायनल रिझर्व्ह हजार किलोच्या वर असतं. लांबचं अल्टरनेट तुम्हाला निर्णयाची वेळ लवकर दाखवतं. ती पाळायची की नाही हे शेवटी कॉकपिटमध्येच ठरतं.

आता पैशाचं. अकाउंट्सवाले विचारतात की हे सहाशे किलो कशाला. वजन वाढलं की पंखांना जास्त उचलावं लागतं, त्याबरोबर ओढ वाढते, आणि ती भागवायला इंजिन जास्त जाळतं. ढोबळ मानाने जास्तीच्या इंधनातलं तीन टक्के दर तासाला ते वाहून नेण्यातच जातं. दिल्ली-मुंबईच्या दोन तासांत सहाशेतले पस्तीसेक किलो गेले. किलोचे लिटर केले तर चव्वेचाळीस, आणि लिटरला नव्वद रुपये धरले तर चार हजार रुपयांच्या आत. एका उड्डाणाला हे चिल्लर आहे. रोज दहा उड्डाणांना वर्षभर सवयीने टाकलं तर दीड कोटीच्या जवळ जातं, म्हणून त्यांचंही खरं. लंडनसारख्या नऊ-दहा तासांच्या उड्डाणावर तर जास्तीचा पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक वाटेतच संपतो. तिथे मी एवढ्या मोकळ्या हाताने टाकत नाही.

हा खर्च A मध्येही तेवढाच आणि B मध्येही तेवढाच, हे लक्षात असू द्या. खरा स्वस्त पर्याय तिसरा आहे, अहमदाबाद आणि वर काहीच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मी तोच देतो आणि शांत झोपतो. कधी कधी वाद आपोआपच मिटतो. मुंबईत इंधन महाग असेल तर कंपनी परतीचं इंधनही दिल्लीतूनच भरायला सांगते. महाराष्ट्राने 2023 मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी विमान इंधनावरचा व्हॅट 25 वरून 18 टक्क्यांवर आणला, तेव्हापासून हे हिशोब पुन्हा मांडावे लागले. टाकी अशी भरलेली असली की अल्टरनेट कुठलंही लिहा, मिनिटं भरपूर मिळतात.

एका बाबतीत मात्र A ला झुकतं माप द्यावं लागेल. हैदराबादला अडकलेला मुंबईकर प्रवासी रात्री रस्त्याने घरी जाऊ शकत नाही. अहमदाबादहून निदान रेल्वेचा विचार तरी करता येतो. तुमची कंपनी हैदराबादला लहान असेल, तिथे तुमचा इंजिनिअर किंवा जादा क्रू नसेल, तर माझं सगळं गणित उलटं बसेल. आमचा तिथे पसारा आहे म्हणून मला हे सोपं जातं.

सध्या मी असं करतो. जून ते सप्टेंबर, मुंबईला संध्याकाळी पाच ते रात्री अकराच्या दरम्यान पोहोचणारं विमान असेल तर हैदराबाद. सकाळच्या उड्डाणांना अहमदाबाद आणि दहा मिनिटांचं एक्स्ट्रा. कॅप्टनने फोन करून अल्टरनेट अहमदाबाद करायला सांगितलं तर बदलून देतो, वाद घालत नाही. फक्त प्लॅन पुन्हा पाठवताना खाली रिमार्कमध्ये एक ओळ टाकतो: `CHK VAAH PARKING BEFORE HOLD`.