दाढ काढल्यावर कोणती चूळ: क्लोरहेक्सिडीन, सीपीसी की मिठाचं पाणी?

दाढ काढली किंवा हिरड्यांची खोल सफाई झाली की चिठ्ठीवर शेवटची ओळ बहुतेक वेळा माउथवॉशची असते. लातूर असो, परभणी असो की बीड, मेडिकलवाल्याकडं मिळणाऱ्या बाटल्या ढोबळमानानं दोन प्रकारच्या. एक 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीनची, बहुधा गुलाबी आणि कडवट. दुसरी रोजच्या वापराची, निळी-हिरवी, जिच्या लेबलवर अनेकदा सेटिलपायरिडिनियम क्लोराइड, म्हणजे सीपीसी, लिहिलेलं असतं. आणि घरी तिसरा पर्याय असतोच, कोमट पाण्यात मीठ.

तिघांपैकी जंतू जास्त कोण मारतं एवढंच विचारलं तर उत्तर सोपं आहे, क्लोरहेक्सिडीन. पण निवड करताना तेवढ्यावर थांबलं की दोन महिन्यांनी आरशात तपकिरी दात दिसतात. जंतूला मारणारा गुण आणि चहाचा रंग दाताला चिकटवणारा गुण हे दोन वेगळे गुण नाहीत. तो एकच आहे, त्या रेणूवरचा धन विद्युतभार.

जंतूच्या पडद्यावर नेमकं काय होतं

क्लोरहेक्सिडीनचा रेणू दोन्ही टोकांना धन भार असलेल्या काठीसारखा आहे. मधला दुवा सहा कार्बनच्या साखळीचा. जंतूचा पृष्ठभाग ऋण भाराचा असतो, कारण त्याच्या पेशीपडद्यातल्या मेदरेणूंच्या डोक्यांवर फॉस्फेट असतं. शेजारीशेजारी असलेली ही डोकी खरं तर एकमेकांना ढकलतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कण त्यांच्यामध्ये बसून ती एकत्र धरून ठेवतात, म्हणून पडदा सलग राहतो.

क्लोरहेक्सिडीन येतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमला त्या जागेवरून हुसकावून लावतं. त्याची साखळी आखूड असल्यामुळं ते पडद्यात खोल घुसत नाही, वरच्यावर दोन शेजारी डोक्यांवर पुलासारखं आडवं बसतं. असे पूल जागोजागी झाले की पडद्याची घडण विस्कटते आणि तो झिरपू लागतो. सगळ्यात आधी पोटॅशियम बाहेर येतं. मात्रा कमी असेल तर गोष्ट इथंच थांबते, जंतू मरत नाही पण त्याची वाढ खुंटते. मात्रा जास्त असेल तर औषध आत शिरतं आणि आतली प्रथिनं, न्यूक्लिक आम्लं यांचा साका होतो, दूध फाटावं तसा. अशा वेळी गळती उलट कमी होते, कारण गळायला पातळ असं आत काही उरत नाही.

सीपीसीचाही भार धनच आहे, पण त्याला भारित टोक एकच. मागं सोळा कार्बनची लांब शेपटी, ती काट्यासारखी पडद्यात रुतते. परीक्षानळीत तेही जंतू चांगले मारतं. फरक पडतो तो तोंडात. सीपीसी दातावर बसलं की त्याचं एकुलतं भारित टोक तिथंच गुंतून जातं. क्लोरहेक्सिडीन एका टोकानं दातावरच्या लाळेच्या पातळ थराला धरतं आणि दुसरं टोक येणाऱ्या जंतूसाठी मोकळं ठेवतं. चुळीतल्या औषधाचा साधारण 30 टक्के भाग तोंडात मागं राहतो आणि तासन् तास काम करत राहतो. म्हणून दिवसातून दोनदा पुरतं. 1970 मध्ये लो आणि शियोट या दंतसंशोधकांनी दाखवलं की ब्रश पूर्ण बंद ठेवूनही 0.2 टक्क्यांच्या 10 मिलीनं दिवसातून दोनदा चूळ भरली तर दातावर कीट धरत नाही. आजही दुसऱ्या माउथवॉशला याच मापानं तोललं जातं.

मिठाच्या पाण्याचं काम यातलं कुठलंच नाही. ते अडकलेलं अन्न धुऊन काढतं, सुजलेल्या हिरडीला बरं वाटतं, आणि थुंकलं की त्याचं काम संपतं. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे.

डाग का पडतो

आता ते मोकळं टोक डोळ्यांसमोर ठेवा. जंतू नाही आला तर काय येतं? चहा. चहातलं टॅनिन ऋण भाराचं असतं. ते त्या टोकाला धरलं जातं आणि तिथंच गडद थर होऊन बसतं. डागाची इतर स्पष्टीकरणंही मांडली गेली आहेत, पण सर्वाधिक मान्यता याला आहे. औषध स्वतः तपकिरी नाही, रंग आपल्या खाण्यापिण्यातून येतो. म्हणून एकच बाटली वापरणाऱ्या दोघांपैकी एकाचे दात काळवंडतात आणि दुसऱ्याचे नाही.

आपल्याकडं हा मुद्दा जड जातो. शेतावर दिवसातून चार वेळा होणारा कोरा चहा टॅनिननं भरलेला असतो. दूध घातलेल्या चहात दुधातलं केसिन बरंचसं टॅनिन आधीच बांधून ठेवतं, त्यामुळं तो तुलनेनं सौम्य. विड्यातला कात तर टॅनिनचा गोळाच. पान खाणाऱ्यानं क्लोरहेक्सिडीन चालू असताना पान बंद ठेवावं, नाहीतर आठवड्याच्या आतच फरक दिसू शकतो.

डाग ओळखायचा कसा, हेही इथं नीट कळायला हवं, कारण नांदेड-बीडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळं दात लहानपणापासूनच डागाळलेले असतात. फ्लोराइडचा डाग दाताच्या आवरणातच असतो, उजव्या-डाव्या बाजूला सारखा दिसतो, खडूसारखा पांढरा किंवा तपकिरी, आणि घासून जात नाही. क्लोरहेक्सिडीनचा डाग नवा असतो. हिरडीच्या कडेला, दोन दातांच्या फटीत, जुन्या फिलिंगच्या काठावर आणि जिभेच्या मागच्या भागावर आधी दिसतो. तो वरवरचा असल्यानं दवाखान्यात स्केलिंग-पॉलिशिंगनं निघतो.

मात्रा, पाणी आणि पेस्ट

0.2 टक्के म्हणजे 10 मिलीत 20 मिलीग्रॅम औषध. 0.12 टक्क्यांची बाटली असेल तर 15 मिली घ्यायचं, त्यात 18 मिलीग्रॅम येतं. म्हणजे परिणाम टक्क्यावर नाही, तोंडात गेलेल्या एकूण औषधावर ठरतो. कडू लागतं म्हणून 10 मिलीत तेवढंच पाणी मिसळलं आणि सगळं वापरलं तर मात्रा तीच राहते. पण बाटली जास्त दिवस पुरावी म्हणून 5 मिली औषध आणि 5 मिली पाणी केलं की निम्मंच औषध मिळतं, आणि गोष्ट जंतूला दाबण्यावरच अडकू शकते.

पातळ करायचंच असेल तर बोअरचं पाणी नको. जड पाण्यातलं सल्फेट आणि क्लोराइड ऋण भाराचे असतात, ते क्लोरहेक्सिडीनला धरतात आणि कमी विरघळणारा क्षार तयार होतो. पाणी गढूळ झालं किंवा तळाला पांढरं बसलं तर औषधातला काही भाग कामातून गेला. आरओचं पाणी वापरा. मिठाच्या पाण्याची चूळही याच कारणानं लागोपाठ भरू नये, मीठ म्हणजे क्लोराइडच.

टूथपेस्टचं भांडणही तेच. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट ऋण भाराचं असतं आणि क्लोरहेक्सिडीनला निकामी करतं. ब्रश केल्यावर खळखळून चूळ भरून किमान अर्धा तास थांबा. दोन तास थांबता आलं तर उत्तम.

एक उदाहरण

समजा जालन्यातल्या पंचेचाळिशीच्या बाईंची खालची अक्कलदाढ काढली आहे. त्या बाजूला ब्रश फिरवता येत नाही, दिवसाला चार कप चहा होतो. पहिले 24 तास कसलीच चूळ नाही, कारण खळग्यातली रक्ताची गुठळी निघाली तर जखम उघडी पडते आणि फार ठणकते. दुसऱ्या दिवसापासून 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीन, 10 मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, आणि पहिले काही दिवस जोरात न खळखळवता.

सकाळी उठून ब्रश, मग चहा-नाष्टा, मग साध्या पाण्यानं तोंड धुऊन अर्ध्या तासानं माउथवॉश. चहा औषधाच्या आधी, नंतर नाही. पुढचा अर्धा तास काहीच नको, कडवटपणा घालवायला पाणीही नको. रात्री जेवण, ब्रश, तसाच अर्धा तास, आणि औषध घेऊन झोपायचं. औषध दातावर तासन् तास राहत असल्यामुळं दुपारच्या चहानं थोडा रंग धरेलच. तो चहा दुधाचा ठेवला आणि चाराचे दोन कप केले की बराच कमी धरेल. जेवण आठवडाभर अळणी लागेल, भाजीत मीठ वाढवू नये, औषध थांबलं की चव परत येते.

दिवसाला 20 मिली म्हणजे 150 मिलीची बाटली साडेसात दिवस जाते. हाच थांबायचा मुक्काम. डाग बहुधा दुसऱ्या आठवड्यापासून ठळक व्हायला लागतो आणि तोवर जखमेच्या बाजूला मऊ ब्रश फिरवता येतो. दुसरी बाटली डॉक्टरांनी सांगितलं तरच. मधल्या वेळात जेवणानंतर मिठाचं पाणी चालेल, फक्त माउथवॉशपासून दोन तास लांब.

मग कोणासाठी काय

ब्रश करता येत नाही असा ठरावीक काळ असेल, शस्त्रक्रियेनंतरचा किंवा जबडा तारेनं बांधलेला, तर क्लोरहेक्सिडीनला तोड नाही. हिरडीतून थोडं रक्त येतं एवढ्यासाठी महिनोन् महिने मात्र नको. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात सौम्य हिरडीसूज असलेल्यांना 4 ते 6 आठवडे वापरूनही 0 ते 3 च्या मोजपट्टीवर सरासरी 0.21 एवढाच जास्तीचा फायदा दिसला, आणि डाग मात्र भरपूर वाढले. शिवाय आधीच जमलेल्या जाड थरात औषध नीट शिरत नाही, त्यामुळं स्केलिंग न करता बाटली आणणं म्हणजे पैसे वाया. जास्त दिवस वापरलं तर दातावर टार्टरही वाढतं.

रोजच्या वापराला माउथवॉश हवंच असेल तर सीपीसी बरं. तेही थोडा डाग धरतं, पण पुष्कळ कमी. डाग न पडणारं म्हणून क्लोरहेक्सिडीनच्याच काही बाटल्या मिळतात, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड घातलेलं असतं. त्यांच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. काहींत डाग कमी झाला, पण काहींत औषधाचा परिणामही घटला. आठवडाभरासाठी साधी बाटलीच घ्या.

थुंकता न येणाऱ्या लहान मुलांना क्लोरहेक्सिडीन देऊ नये. वापरताना अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास अडकला तर ती ॲलर्जी आहे, लगेच दवाखाना गाठा.

डाग पडलाच असेल तर लिंबू, खायचा सोडा किंवा कोळशाची पूड घासू नका. लिंबाचं आम्ल आवरण झिजवतं आणि खरखरीत झालेल्या दातावर पुढचा डाग आणखी घट्ट बसतो. औषध बंद करून पॉलिशिंग करून घ्या. समोरच्या दातांत दाताच्या रंगाचं जुनं फिलिंग असेल तर त्याची कड डॉक्टरांना आधीच दाखवा. तिथल्या खाचेत शिरलेला रंग पॉलिशनं निघेलच असं नाही, कधी फिलिंगच बदलावं लागतं.