‘डेटा न जाता लॉक काढून मिळेल’: वडिलांना फसवलेल्या एका पाटीबद्दल

साताऱ्यात बाबांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान आहे. काचेवर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘पिन, पॅटर्न, पासवर्ड: डेटा न जाता लॉक काढून मिळेल’. दुकानाचं नाव देत नाही. अशी पाटी तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल, आणि प्रश्न एका दुकानाचा नाही. बाबांकडून तिथे तीन वेगवेगळ्या कामांचे म्हणून पैसे घेतले. त्यातलं एक काम अशक्य होतं, दुसरं अनावश्यक होतं आणि तिसरं केलंच नव्हतं.

झालं ते असं. बाबांचा अँड्रॉइड फोन बोटाच्या ठशाने उघडायचा. बागकामाने अंगठा खरखरीत झालेला, ठसा लागेना, म्हणून त्यांना दुसरं बोट सेटिंगमध्ये घालायचं होतं. तिथे फोन आधी पिन विचारतो. पिन नुकताच चारचा सहा आकडी केला होता आणि रोज बोटाने फोन उघडत असल्यामुळे तो हाताला बसलाच नव्हता. त्यांनी आठवतील ते आकडे टाकले, फोनने तीस सेकंद थांबायला सांगितलं, मग आणखी थांबायला सांगितलं. ते फोन घेऊन दुकानात गेले.

आता यातली मुख्य गोष्ट लक्षात घ्या: पिन आठवत नव्हता, पण फोन उघडत होता. अंगठा दोन-तीनदा टेकवला की उघडत होता. म्हणजे त्या क्षणी फोनमधला सगळा डेटा हाताशी होता. बोटाने फोन उघडायचा, स्क्रीन मिटण्याची वेळ सेटिंगमधून वाढवायची (त्याला पिन लागत नाही), चार्जिंगची केबल कॉम्प्युटरला लावायची आणि वरून खाली सरकवून येणाऱ्या सूचनेत फाइल ट्रान्सफर निवडायचं. यालाही पिन लागत नाही. कॅमेऱ्याचे फोटो `DCIM` मध्ये असतात, आवाजाची रेकॉर्डिंग बऱ्याच फोनमध्ये `Recordings` नावाच्या फोल्डरमध्ये आणि व्हॉट्सॅपचं सगळं `Android/media/com.whatsapp` मध्ये. हे फोल्डर कॉपी झाले की मग फोन पुसला गेला तरी फारसं बिघडत नाही.

दुकानदाराने काय केलं? “काका, एकदा रिस्टार्ट मारून बघू,” म्हणत फोन बंद करून चालू केला. बाबा काउंटरसमोर उभे होते, त्यांनी हे पाहिलं, पण त्यात काही विशेष वाटायचं कारणच नव्हतं. बिघडलेली वस्तू बंद-चालू करून बघायची हे आपण सगळेच करतो. नेमकं तेच इथे घातक ठरलं.

मी नोकरीत मोबाइल अ‍ॅप तपासण्याचं काम करते, त्यामुळे याचं कारण मला माहीत आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या आणि त्यानंतरच्या प्रत्येक फोनमध्ये डेटा सांकेतिक स्वरूपात साठवणं सक्तीचं आहे. तो उलगडणारी किल्ली तुमचा पिन आणि फोनच्या चिपमध्ये बंद असलेलं गुपित या दोन्हींतून तयार होते. फोन चालू केल्यावर तुम्ही पहिल्यांदा पिन टाकता तेव्हा ही किल्ली मेमरीत येते आणि फोन बंद होईपर्यंत तिथेच राहते. म्हणून दिवसभर नुसत्या बोटाने काम भागतं. रिस्टार्ट केला की किल्ली मेमरीतून जाते, आणि ठशातून ती परत तयार होत नाही. चालू झाल्यावर फोन पहिल्यांदा पिनच मागतो, बोट घेत नाही, ते याच कारणाने. बाबांच्या फोनचं दार अर्धं उघडं होतं, ते दुकानदाराने स्वतःच लावून घेतलं.

रिस्टार्ट न करताही हातात वेळ मोजकाच असतो. अँड्रॉइड साधारण ७२ तासांत एकदा तरी पिन मागतोच, त्यानंतर बोट चालत नाही. शिवाय हल्लीचे अँड्रॉइड फोन आणि आयफोन तीन दिवस सलग न उघडता पडून राहिले तर आपोआप रिस्टार्ट होतात. म्हणजे पिन आठवत नाही हे कळलं त्याच दिवशी, चार्जिंग संपायच्या आत, कॉपी करायला बसायचं. ‘रविवारी बघू’ असं इथे चालत नाही.

पुढे दुकानदाराने “सॉफ्टवेअर मारावं लागेल, तासाभराने या” असं सांगून फोन ठेवून घेतला. बाबा परत गेले तेव्हा फोनवर भाषा निवडायचा पडदा होता. नवीन फोन खोक्यातून काढल्यावर पहिल्यांदा दिसतो तोच. याचा अर्थ एकच, हार्ड रिसेट मारला. पंधराशे रुपये घेतले आणि “तुमच्या फोनचा बोर्डच वीक होता, म्हणून डेटा उडाला” असं सांगितलं. बोर्डाचा काही संबंध नाही. रिसेटमध्ये वर सांगितलेली किल्लीच नष्ट केली जाते. त्याच्याकडे ‘डेटा न जाता’ करण्याचा मार्ग पहिल्यापासूनच नव्हता.

इथे कोणी म्हणेल की जुन्या काळी निघायचा की लॉक! खरंय. अँड्रॉइड ४.४ पर्यंत लॉकच्या पडद्यावरच जीमेलने लॉक काढायची सोय होती, ५ पासून ती गेली. कॉम्प्युटर जोडून एक फाइल उडवली की पॅटर्न निघतो असे व्हिडिओ आजही फिरतात:

```
adb shell rm /data/system/gesture.key
```

हे रूट केलेल्या, डेटा सांकेतिक नसलेल्या जुन्या फोनवर चालायचं. आजच्या फोनवर यासाठी लागणारी परवानगीच मिळत नाही, आणि मिळाली तरी किल्ली पिनशिवाय तयार होणार नाही. पोलिसांच्या फॉरेन्सिक लॅबकडे काही फोन उघडणारी महागडी साधनं असतात. बाजारपेठेतल्या काउंटरवर ती नसतात.

दुसरे पैसे गेले ‘एफआरपी काढायचे’. एफआरपी म्हणजे पिन न टाकता रिसेट केलेल्या फोनवर लागणारं कुलूप: तो आधीच्या जीमेल खात्याची खात्री मागतो, चोरीचा फोन पुसून वापरता येऊ नये म्हणून. बाबांच्या जीमेलचा पासवर्ड घरच्या डायरीत लिहिलेला होता. तो टाकला असता तर काम फुकटात आणि दोन मिनिटांत झालं असतं. दुकानदाराने विचारलंसुद्धा नाही. त्याने दुकानातलं अनलॉकचं यंत्र लावून ते कुलूप तोडलं, आठशे घेतले आणि फोन एका नव्याच जीमेलवर चालू करून दिला.

या नव्या जीमेलमुळेच तिसरी फसवणूक झाली. बाबांनी बघितलं तर एकही नंबर नाही, व्हॉट्सॅप कोरं. “रिकव्हरी करावी लागेल, दोन हजार.” दिले. चार दिवसांनी थोडे नंबर आले. मी साताऱ्याला गेले तेव्हा सेटिंगमध्ये बघितलं, तर त्याने डायरीतला जुना जीमेल बाबांना विचारून फोनमध्ये जोडला होता, बस्स. नंबर कुठे गेलेच नव्हते, ते गूगलच्या खात्यात होते. व्हॉट्सॅपला तर त्याने हातही लावला नव्हता. व्हॉट्सॅपचा बॅकअप ज्या जीमेलवर घेतलेला असतो तोच खातं सुरू करताना फोनमध्ये असावा लागतो. मी अ‍ॅप काढलं, जुना जीमेल आहे याची खात्री केली, पुन्हा टाकलं, ओटीपी दिला, आणि बॅकअप सापडल्याचा पडदा आला. तिथे घाईने ‘नको’ दाबू नका, तो पडदा सुरुवातीलाच येतो. शेवटच्या काही दिवसांचे मेसेज सोडले तर सगळं परत आलं.

एक गोष्ट मात्र या गडबडीत हुकली. बाबांचं व्हॉट्सॅप घरच्या लॅपटॉपवरही जोडलेलं होतं. मूळ फोन बंद असला तरी जोडलेला लॅपटॉप १४ दिवसांपर्यंत चालतो, त्यामुळे तिथून ताजे फोटो आणि कागदपत्रं उतरवून घेता आली असती. पण तोच नंबर दुसऱ्या किंवा पुसलेल्या फोनवर नव्याने चालू केला की लॅपटॉप बाहेर पडतो. म्हणून आधी लॅपटॉपवरून सगळं उतरवायचं आणि मगच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून व्हॉट्सॅप सुरू करायचं. मेमरी कार्ड असेल तर तेही आधी काढून बघा. ते फोनच्या आतल्या जागेत मिसळून टाकलेलं नसेल तर कार्डावरचे फोटो कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतात.

पिन विसरला आणि बोटही चालत नाही, अशा वेळी डेटा ठेवून उघडण्याच्या खऱ्या वाटा फार थोड्या आहेत. आयफोनवर आयओएस १७ पासून पिन बदलल्यावर ७२ तासांच्या आत जुना पिन टाकून नवा ठेवता येतो. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनमध्येही तशीच सोय आहे. सॅमसंगच्या काही फोनमध्ये सॅमसंग खात्यावरून दुरून लॉक काढता येतं, पण ती परवानगी आधीच चालू केलेली असावी लागते. गूगलच्या फाइंड हबवरून फोन शोधता येतो, लॉक करता येतो, पुसता येतो. उघडता येत नाही. आणि अंदाजाने आकडे टाकत बसू नका. आयफोनवर दहा चुकांनंतर पुसून टाकायची सेटिंग असते, काही अँड्रॉइड फोनमध्येही तशी असते. त्यापेक्षा फोन चार्जिंगला लावून, कागदावर संभाव्य पिन लिहून, थोडेच आणि विचार करून टाकलेले बरे.

बाबांचं जे गेलं ते कायमचंच गेलं. फोटोंचा गूगल बॅकअप चालू नव्हता, आणि आवाजाची रेकॉर्डिंग तर त्यात जातच नाहीत. आजीच्या जात्यावरच्या ओव्या बाबांनी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, त्याची दुसरी प्रत नाही. “आणखी पाच हजार द्या, चिप काढून रिकव्हरी करतो,” असं दुकानदार म्हणत होता. चिप काढली तरी त्यात किल्ली नसलेली सांकेतिक माहितीच मिळणार, म्हणून ते मी थांबवलं.

बिलावर त्याने फक्त ‘सॉफ्टवेअर’ एवढंच लिहिलं होतं. त्यामुळे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली तेव्हा पाटीचा फोटो आणि त्याचे व्हॉट्सॅपवरचे मेसेजच उपयोगी पडले. ‘रिकव्हरी’चे दोन हजार त्याने परत केले, बाकीचे नाही. तुम्हाला फोन कुठल्याही दुकानात ठेवावाच लागला, तर बिलावर ‘डेटा कायम ठेवून लॉक काढणे, न जमल्यास रिसेट न करता फोन परत’ असं लिहून मागा. दुकानदार ते लिहायला का-कू करू लागला तर फोन तिथे ठेवू नका.