बायकोच्या फोनला रेंज होती, माझ्याच फोनला नव्हती

२०२१ च्या ऑगस्टमधली शनिवारची संध्याकाळ. फोनवर 'नो सर्व्हिस' दिसलं. बाहेर पाऊस होता, टॉवर गेला असेल म्हणून फोन बाजूला ठेवला. बायकोचं सिम त्याच कंपनीचं, आणि तिच्या फोनला मात्र पूर्ण रेंज होती. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. दुपारी सिम बदलण्याची विनंती मिळाल्याचा मेसेज आला होता, तोही जाहिरात समजून वाचला नव्हता.

तासाभराने लॅपटॉपवर मेल उघडेना, पासवर्ड चुकीचा दाखवू लागलं. बायकोच्या फोनवरून कस्टमर केअरला फोन लावला. "सर, तुमचं सिम आज बदलून दिलंय." फोन हरवला असं सांगून कुणीतरी माझ्या नावाच्या कागदपत्रांवर नवं सिम घेतलं होतं. ते चालू झालं तेव्हा माझं बंद पडलं.

पुढचं त्याला सोपं होतं. मेलवर 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की कोड त्याच नंबरवर. मेल हाती आला की क्रिप्टो एक्स्चेंजची पासवर्ड बदलायची लिंक त्या मेलवर आणि ओटीपी पुन्हा त्याच नंबरवर. माझा पासवर्ड सोळा अक्षरांचा होता, पण तो ओळखायची त्याला गरजच पडली नाही. माझ्या खात्यातले २ लाख ८० हजारांचे यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी किंमत बांधलेली क्रिप्टो नाणी, अनोळखी वॉलेटवर गेले. ब्लॉकचेनवर एकदा नोंदलेला व्यवहार मागे घेता येत नाही. तक्रार दिली, पैसे आले नाहीत.

ऑथेंटिकेटर अॅप असतं तर एक्स्चेंजपाशी तो अडला असता. अॅप जोडताना जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती फोनमध्ये आणि एक्स्चेंजकडे राहते. तिच्यावरून आणि घड्याळातल्या वेळेवरून दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो. तो मोबाइल कंपनीकडून येत नाही, त्यामुळे नंबर चोरून तो मिळत नाही. खोट्या वेबसाइटवर स्वतःच टाकला तर मात्र अॅपचा कोडही चोराच्याच हाती जातो.

२०२२ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवायला सांगितलं. त्यामुळे आज नेटवर्क कारण नसताना गेलं, तर हातात थोडा वेळ असतो. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला सांगून सिम बंद करा, मग एक्स्चेंजला खातं गोठवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा.

मी आता मेललाही अॅप लावलंय आणि रिकव्हरीमधून मोबाइल नंबर काढलाय. एक्स्चेंजवर अॅप लावल्यावरही 'एसएमएसने कोड मिळवा' हा पर्याय चालूच होता, तो वेगळा बंद करावा लागला. फोन हरवला तर लागेल म्हणून ती किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवलीय. तिचा स्क्रीनशॉट काढला नाही, कारण माझे फोटो आपोआप त्याच मेलच्या खात्यात साठतात.