स्वभावगुण की कृती: प्रकल्पासाठी कोणता दृष्टिकोन घ्यावा?

उद्योजकता मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलँडची सिद्धिप्रेरणा, म्हणजे यश मिळवण्याची आतली ओढ घ्यावी, की संशोधक गार्टनरचा उद्योजकाच्या कृतीवरचा भर, असा पेच अनेकांना पडतो.

आधी मोजमाप. मॅक्लेलँडच्या पद्धतीत संदिग्ध चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगतात आणि गोष्टीतल्या यशाच्या ओढीला गुण देतात. पण गुण देणाऱ्याला नीट प्रशिक्षण लागतं, आणि चाचणी देणारी तीच व्यक्ती पुन्हा बसली की गुण बरेच बदलू शकतात. गार्टनरच्या वाटेने जाल तर प्रश्न सोपे: नोंदणी कधी केली, पहिलं गिऱ्हाईक कुठून आलं? फक्त माणसामागे महिनोन्‌महिने फिरावं लागतं.

कारण कोणतं, हा खरा वादाचा मुद्दा. यशस्वी उद्योजकाची आज चाचणी घेतली, तर जिद्दीने धंदा उभा केला की धंद्याने जिद्द आणली, हे कळत नाही. संशोधक ब्रॉकहाउसने 1980 मध्ये जोखीम घेण्याची वृत्ती तपासली. नवे उद्योजक आणि मॅनेजर यांत ठळक फरक सापडलाच नाही. 1988 मध्ये गार्टनरने तर ‘उद्योजक कोण?’ हा प्रश्नच चुकीचा ठरवला.

तरी आंध्र प्रदेशातल्या काकिनाडाचा प्रयोग विसरू नका. साठच्या दशकात तिथल्या व्यावसायिकांना सिद्धिप्रेरणेचं प्रशिक्षण दिलं गेलं आणि पुढे त्यांची धंद्यातली हालचाल वाढली. मात्र निर्णय ज्यांच्या हाती होते, त्यांनाच याचा जास्त फायदा झाला. म्हणजे परिस्थिती आलीच!

प्रशिक्षणाचा परिणाम तपासायचा असेल तर मॅक्लेलँड घ्या. धंदा कसा उभा राहतो ते पाहायचं असेल तर गार्टनर. कर्जासाठी माणसं निवडायला मात्र नुसती स्वभावगुणांची चाचणी वापरू नका.