मंजुरीपत्राचं एका पानाचं टिपण: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागात मी फायली तपासते. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतल्या फ्लॅटसाठी कर्ज मागितलं की फायलीत बांधकाम परवानगीचं, म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्राचं पत्र येतं. आम्ही त्याला सीसीच म्हणतो. पूर्वी त्याची झेरॉक्स लावायची आणि कर्जाच्या टिपणात 'मंजुरी आहे' असं लिहायचं, एवढीच पद्धत होती. गेल्या नऊ महिन्यांपासून प्रत्येक सीसीचं आम्ही एका पानाचं टिपण करतो. त्यात तीनच रकाने असतात: मंजूर मजले, घातलेल्या अटी आणि परवानगीची मुदत. साठेक फायली या पद्धतीनं झाल्यावर हा अनुभव लिहिते आहे. पद्धत चांगली आहे आणि मी ती सोडणार नाही. पण सुरुवातीला जसे रकाने आखले होते, तसा आज त्यातला एकही उरलेला नाही.

पहिला रकाना मजल्यांचा. मला तो सगळ्यात सोपा वाटला होता. पत्रात 'स्टिल्ट + ११ मजले' असं लिहिलेलं असतं, ते उतरवायचं. स्टिल्ट म्हणजे खांबांवरचा, पार्किंगसाठी मोकळा ठेवलेला तळमजला. महिन्याभरात लक्षात आलं की एकाच इमारतीबद्दल दोन आकडे खरे असू शकतात. नकाशा चौदा मजल्यांचा मंजूर असतो, पण बांधकाम सुरू करण्याची परवानगी अकराव्यापर्यंतच दिलेली असते, कारण वरच्या मजल्यांसाठी लागणारा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून घेतलेला बांधकामाचा हक्क, अजून चढवलेला नसतो किंवा अधिमूल्याचा पुढचा हप्ता भरायचा असतो. मुंबईत हे आणखी ठळक दिसतं. तिथे आधी आयओडी, म्हणजे नकाशाला अटींसह मिळणारी मंजुरी, येते, मग जोत्यापर्यंतची सीसी, आणि पुढचे मजले त्याच सीसीच्या मागच्या पानांवर एकेका शेऱ्यानं वाढत जातात. पहिलं पान वाचून टिपण केलं तर वीस मजल्यांची इमारत जोत्यावरच थांबलेली दिसते. फक्त नकाशा पाहून केलं, तर ज्या मजल्याला अजून हात लावायची मुभा नाही तोही मंजूर ठरतो.

म्हणून आता या रकान्याचे दोन भाग केले आहेत, 'नकाशात मंजूर' आणि 'आज बांधायला परवानगी'. प्रत्येकापुढे तो आकडा कुठल्या पानावरून घेतला तेही लिहितो. तिसरी एक ओळ मी हट्टानं घातली, ती म्हणजे ग्राहकाचा फ्लॅट नकाशातल्या कितव्या मजल्यावर येतो. काही विकसक तेरावा क्रमांक गाळतात, त्यामुळे माहितीपत्रकातला १४०२ नकाशात तेराव्या मजल्यावर असतो. उलटही होतं. पार्किंगचे दोन मजले नकाशात पहिला आणि दुसरा म्हणून मोजलेले असतात आणि विक्रीत मात्र पहिला मजला त्यांच्यावर सुरू होतो. तिथे ग्राहकाचा दहावा नकाशातला बारावा असतो, आणि परवानगी अकराव्यापर्यंतच असेल तर प्रश्न उभा राहतो.

अटींच्या रकान्यानं वेगळा त्रास दिला. पत्रात पंचवीस-तीस अटी असतात आणि त्यांतल्या बऱ्याच छापील असतात: भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वापर करू नये, जी जमीन तुमच्या मालकीची नाही ती विकसित करण्याचा हक्क या परवानगीनं मिळत नाही, वगैरे. पहिले दोन महिने आम्ही सगळ्या उतरवत होतो. पान भरायचं आणि कोणी वाचायचं नाही. मग निवडक उतरवायला लागलो, तर निवड ज्याच्या त्याच्या मर्जीवर जाऊ लागली. आता आम्ही अट महत्त्वाची आहे का, हे विचारत नाही. ती कोणत्या टप्प्यावर अडवेल, हे विचारतो. काम सुरू करण्याआधीच्या, जोत्याच्या वेळच्या, ठरावीक मजल्याच्या वर जाण्याआधीच्या आणि भोगवट्याआधीच्या, असे चार टप्पे ठरवले आहेत. छापील अटींसाठी 'नेहमीच्या अटी' एवढी एक ओळ पुरते. बाकीच्या अटी त्या त्या टप्प्याखाली अनुक्रमांकासह जातात.

या मांडणीचा खरा उपयोग भोगवट्याच्या टप्प्यावर होतो. रस्तारुंदीत जाणारी पट्टी हस्तांतरित करून तसा सातबारा आणावा, सुविधा क्षेत्राचा ताबा द्यावा, अग्निशमन विभागाचा अंतिम ना हरकत दाखला आणावा, या अटी आज कोणाला टोचत नाहीत. तीन वर्षांनी इमारत पूर्ण उभी असते, लोकांचे हप्ते चालू असतात आणि यांतल्या एका अटीपायी भोगवटा अडतो. पाण्याची अट मी नेहमी ठळक करते. महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत विकसकानं स्वखर्चानं पाणी पुरवावं, असं हमीपत्र शहराच्या कडेच्या भागात घेतलं जातं आणि त्याचा उल्लेख पत्रात असतो. बँकेच्या दृष्टीनं ती बाब किरकोळ असेल, पण राहायला जाणाऱ्या माणसाला टँकरचा खर्च पुढे कोण करणार ते आधी कळायला हवं.

आता मुदतीचा रकाना. एक तारीख लिहायची, एवढंच काम वाटतं. सगळ्यात जास्त चुका इथेच झाल्या.

पत्रात सहसा असतं की ही परवानगी दिल्या तारखेपासून एक वर्ष वैध राहील. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ४८ हेच सांगतं. फक्त तिथे वर्ष परवानगी मिळाल्याच्या तारखेपासून मोजलेलं आहे. आम्ही दोन्हींपैकी आधी संपणारी तारीख धरतो. पुढे दर वर्षी नूतनीकरण मिळू शकतं, पण जास्तीत जास्त तीन वेळा, म्हणजे एकूण चार वर्षं. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांत लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आणखी एक गोष्ट आहे. वैध मुदतीत काम सुरू झालं असेल तर नूतनीकरणाची गरज राहत नाही आणि परवानगी काम पूर्ण होईपर्यंत चालते. मात्र इथे 'काम सुरू' याचा अर्थ खड्डा खणला असा होत नाही. बांधकाम जोत्यापर्यंत यायला हवं आणि जोतं नसेल तर स्टिल्ट किंवा खालच्या तळघराच्या वरच्या पातळीपर्यंत.

त्यामुळे या रकान्यात नुसती तारीख लिहिली तर ती दोन्ही बाजूंनी फसवते. जोतं वेळेत झालेल्या इमारतीची परवानगी संपलेली दिसते आणि चांगलं कर्ज अडतं. जोतं न झालेल्या इमारतीचं पत्र, सुधारित परवानगीची ताजी तारीख पाहून, जिवंत वाटतं.

जानेवारीत आलेली एक फाईल सांगते. प्रकल्पात दोन विंग होत्या, ए आणि बी. ग्राहक निवृत्त शिक्षक. त्यांचा फ्लॅट बी विंगमध्ये, सहाव्या मजल्यावर. फायलीतली सीसी २२ फेब्रुवारी २०२४ ची, म्हणजे वर्ष भरायला महिना बाकी. जुन्या पद्धतीनं 'वैध' लिहून मी फाईल पुढे सरकवली असती. पण ते पत्र सुधारित परवानगीचं होतं आणि त्याच्या संदर्भात मूळ परवानगीची तारीख होती, १४ जून २०२१. सुधारित पत्रानं मुदत नव्यानं सुरू होते असं आम्ही गृहीत धरत नाही. पत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच मानतो, आणि इथे तसं काही नव्हतं.

मग मूळ तारखेपासून साखळी लावली. पहिलं वर्ष १३ जून २०२२ ला संपलं. नूतनीकरणाचं एक पत्र होतं, ते १३ जून २०२३ पर्यंतचं. जोता तपासणीचा दाखला ९ मार्च २०२३ चा, म्हणजे मुदतीच्या आत. इथपर्यंत सगळं नीट होतं. दाखला शेवटपर्यंत वाचला तेव्हा कळलं की तो फक्त ए विंगचा आहे. ए चं जोतं झालं म्हणून पुढची नूतनीकरणं घ्यायची गरज नाही, असं विकसकानं मानलं होतं. बी विंगचा पाया तर तेव्हा अजून भरायचाच होता. म्हणजे आमच्या हिशेबानं बी विंगसाठी जून २०२३ नंतर वैध परवानगी दाखवणारा एकही कागद फायलीत नव्हता.

शिक्षककाका समोर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "ताई, पण परवानगी आहे ना? मी स्वतः शिक्का पाहिलाय." शिक्का होताच. मी त्यांना टिपणाचं पान दाखवलं आणि साखळी कुठे तुटते तिथे बोट ठेवलं. पत्र वाचून त्यांना जे समजलं नव्हतं ते त्या पाच ओळींत समजलं. विकसकाकडे जाताना त्यांनी त्याच पानाची झेरॉक्स नेली.

नियमावलीत विलंब माफ करून, शुल्क घेऊन नूतनीकरण देण्याची सोय आहे, पण चार वर्षांच्या पलीकडे नाही. इथे शेवटची तारीख १३ जून २०२५ येत होती. विकसकानं फेब्रुवारीत अर्ज केला, नूतनीकरणाचं पत्र आलं, आणि बी विंगच्या जोत्याचा दाखला ६ मे २०२५ चा मिळाला. आणखी सहा आठवडे गेले असते तर प्रस्ताव नव्यानं दाखल करावा लागला असता.

तेव्हापासून मुदतीच्या रकान्यात आम्ही चार गोष्टी लिहितो: मूळ परवानगीची तारीख, प्रत्येक नूतनीकरण, ग्राहकाच्या विंगच्या जोत्याचा दाखला, आणि त्यावरून निघणारा निष्कर्ष एका वाक्यात. निष्कर्ष निघत नसेल तर 'प्राधिकरणाकडून लेखी खुलासा घ्यावा' असं लिहून थांबतो. तिथे अंदाजानं तारीख टाकायला आमच्या पॅनेलवरच्या वकीलबाईंनी सक्त मनाई केली आहे आणि ते मला पटतं. महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची जी तारीख असते ती या रकान्यात कधीही येऊ द्यायची नाही. नवीन मुलं हमखास तीच लिहितात. ती विकसकानं ग्राहकांना दिलेली तारीख आहे, परवानगीच्या मुदतीशी तिचा संबंध नाही. महारेराचं पान मात्र दुसऱ्या कामाला येतं. विकसकाला सीसीची प्रत तिथे चढवावी लागते. फायलीतली प्रत आणि तिथली प्रत यांच्या तारखा जुळल्या नाहीत, तर मधलं एखादं पत्र आपल्यापर्यंत आलेलं नाही असं समजावं.

वेळेबद्दल लोक विचारतात. सुरुवातीला एका टिपणाला दीड तास जायचा, आता साध्या पत्राला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तीन-चार वेळा सुधारित झालेल्या प्रकल्पाला अजूनही अर्धा दिवस जातो आणि त्याला उपाय नाही, कारण जुनी पत्रं मागवावीच लागतात. टिपणातून एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे जागेवर प्रत्यक्ष काय बांधलं आहे. ते मूल्यांकनकाराचं काम. पण हल्ली आम्ही त्याला मजल्यांचा रकाना सोबत देतो, आणि तो त्याच पानावर 'आज उभे मजले' असा तिसरा आकडा लिहून परत पाठवतो. मागच्या आठवड्यात एका पानावर नकाशात मंजूर चौदा, परवानगी अकरा आणि उभे बारा असे आकडे आले. ती फाईल माझ्या टेबलावर आहे. विकसकाकडे बाराव्याच्या परवानगीचं पत्र मागितलं आहे आणि ते हातात येईपर्यंत पुढचा हप्ता सोडलेला नाही.